चित्र झाकतं, आवाज मिसळतो

आपल्या मंडळात व्हिडिओचं काम म्हणजे ‘कॉम्प्युटर येणाऱ्याचं काम’ असं धरलं जातं. कविता आपण निवडायच्या, वाचन आपण बसवायचं, आणि सगळं फुटेज पेनड्राइव्हवर भरून सायन्सच्या कुणा मित्राकडे द्यायचं. मला हे पटत नाही. निदान ज्याने संहिता वाचली आहे असा एक जण टाइमलाइनसमोर बसलाच पाहिजे. का, ते यंदाच्या 27 फेब्रुवारीच्या, मराठी भाषा गौरव दिनाच्या व्हिडिओवरून सांगते.

पाच जणांचं काव्यवाचन. सगळं मिळून पावणेबारा मिनिटांच्या आसपास व्हायला हवं होतं. तयार फाइल आली 23 मिनिटं 10 सेकंदांची. वर आवाज विहिरीतून आल्यासारखा. ‘पुन्हा एक्सपोर्ट करून बघू’ म्हणून तेच दोनदा झालं आणि दोन्ही वेळा तेवढीच लांबी आली. येणारच. टाइमलाइनवर जे मांडलेलं आहे तेच बाहेर पडतं, बटण कितीही वेळा दाबा.

काम डाव्हिन्ची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत केलेलं होतं. V1 या ट्रॅकवर सभागृहाचं लांबून घेतलेलं चित्र, V2 वर चेहऱ्याचे जवळचे शॉट, A1 वर कॅमेऱ्याने टिपलेला आवाज आणि A2 वर वाचकाजवळ ठेवलेल्या रेकॉर्डरचा. एवढाच पसारा.

आधी लांबी. रिझॉल्व्हमधलं घड्याळ शून्यापासून सुरू होत नाही. नवी टाइमलाइन 01:00:00:00 पासून सुरू होते. त्यामुळे शेवटी 01:11:40:00 दिसलं की आमच्यातला एक जण ‘एक तास झाला!’ म्हणून घाबरला. तो पहिला एक सोडून द्यायचा, म्हणजे 11 मिनिटं 40 सेकंद उरतात. आणि शेवटचे दोन अंक सेकंदाचे शंभर भाग नव्हेत, ती फ्रेम्सची संख्या आहे. आपला व्हिडिओ सेकंदाला 25 फ्रेम्सचा, म्हणजे तिथे 12 दिसलं तर साधारण अर्धा सेकंद समजायचा.

मग 23 मिनिटं कुठून आली? Shift+Z दाबलं की पूर्ण टाइमलाइन खिडकीत मावते. दाबल्यावर दिसलं की पाच वाचनं डाव्या अर्ध्यात संपली आहेत, मग मोठी मोकळी जागा, आणि पार उजव्या टोकाला A2 वर केसाएवढी एक रेघ. मोठं करून पाहिलं तर सहा फ्रेम्सचा आवाजाचा तुकडा. कापताना उरलेला, कुणीतरी बाजूला सरकवून ठेवलेला. एक्सपोर्टच्या पानावर Entire Timeline निवडलेलं असलं की सगळ्या ट्रॅक्सवरचा शेवटचा तुकडा जिथे संपतो तिथपर्यंत फाइल बनते. मधली रिकामी जागा काळ्या पडद्याने भरते. पाव सेकंदाच्या त्या कपट्यासाठी आपण साडेअकरा मिनिटं काळोख बघत होतो. (उलट फाइल आखूड आली तर तिथे In/Out Range आहे का ते बघावं. कुणीतरी I आणि O दाबून खुणा करून ठेवलेल्या असतात. Alt+X ने त्या पुसतात.)

आता आवाज. A2 वर लाटांची आकृती छान दिसत होती, म्हणून सगळ्यांना वाटलं की रेकॉर्डरचा आवाज लागलेला आहे. पण आकृती दिसणं आणि आवाज ऐकू येणं वेगळं. ट्रॅकच्या डोक्यावर M चं बटण दाबलेलं होतं, बहुधा जुळणी करताना. म्यूट केलेला ट्रॅक एक्सपोर्टमध्येही गप्प राहतो, त्यामुळे फाइलमध्ये गेला तो फक्त कॅमेऱ्याचा, सभागृहाच्या भिंतींवरून आपटून आलेला आवाज. M बंद असूनही ट्रॅक मुका असेल तर शेजारच्या ट्रॅकचा S दाबलेला आहे का ते बघायचं. एकाला सोलो केलं की बाकीचे आपोआप गप्प होतात.

M काढल्यावर सगळे खूश झाले, पण आता प्रत्येक शब्दाला सावली आली. इथे मला वाटतं खरी गोम आहे. चित्रांमध्ये वरचा ट्रॅक खालच्याला झाकतो. V2 वर चेहरा आहे तोवर V1 दिसत नाही. म्हणून लोक धरून चालतात की आवाजातही एक ट्रॅक दुसऱ्याला झाकेल. आवाजात झाकाझाक नसते, जे जे चालू आहे ते सगळं एकत्र ऐकू येतं. कॅमेरा वाचकापासून पंधरा मीटर मागे होता. आवाजाला तेवढं अंतर कापायला सेकंदाचा सुमारे तेविसावा भाग लागतो, म्हणजे एका फ्रेमपेक्षा थोडा जास्त. रेकॉर्डरचा आवाज ओठांशी जुळवलेला आणि कॅमेऱ्याचा एक फ्रेम उशिरा, म्हणून ती सावली. A2 उघडा ठेवून A1 ला M लावला आणि आवाज स्वच्छ झाला.

फाइल 11 मिनिटं 40 सेकंदांची आली. लांबी बरोबर, आवाज बरोबर, सगळे उठायच्या तयारीत.

आणि दुसऱ्या वाचनाची शेवटची ओळ गायब होती.

ज्याने एडिट केलं त्याला हे कळण्याचं काही कारणच नव्हतं. ओळीच्या आधी वाचिका थांबते, तो थांबा इतका नैसर्गिक होता की कविता तिथेच संपते असं कुणालाही वाटावं. मिस्सात वाचकाकडून एखादं वाक्य सुटलं तर ज्याने तो उतारा घरी वाचलेला असतो तोच मान वर करतो, तसंच हे. मला कविता पाठ होती म्हणून खटकलं.

झालं होतं असं. रिझॉल्व्हमध्ये एकाच ट्रॅकवर दोन क्लिप्स एकमेकींवर राहूच शकत नाहीत. तिसऱ्या वाचनाची क्लिप, तिच्याशी जोडलेल्या दोन्ही आवाजांसकट, डावीकडे ओढताना दोन सेकंद जास्त सरकली आणि तिने दुसरीचं शेपूट कापून तिथे जागा घेतली. कुठलीही सूचना येत नाही. हीच क्रिया शॉटकटमध्ये केली तर ओव्हरलॅप झालेल्या भागाचं एकातून दुसऱ्यात विरघळणारं संक्रमण तयार होतं. तिथे निदान दोन चित्रं मिसळताना डोळ्यांना दिसतात. रिझॉल्व्हमध्ये साधा कट दिसतो, आणि कट तर सगळीकडेच असतात.

कापलेलं पुसलं गेलेलं नसतं, मूळ फाइल डिस्कवर शाबूत असते. तिसऱ्या वाचनापासून पुढचं सगळं, सर्व ट्रॅक्सवरचं, एकत्र निवडून दोन सेकंद उजवीकडे सरकवलं. फक्त V1 सरकवला असता तर पुढच्या तिन्ही वाचनांचे ओठ आणि शब्द वेगळे झाले असते. मग दुसऱ्या क्लिपची उजवी कड धरून बाहेर ओढली, आवाजासकट. पुढे फुटेज शिल्लक असेल तर कड हिरवी दिसते, संपलं असेल तर लाल. आपली हिरवी होती. ओळ परत आली.

फाइल झाली 11 मिनिटं 42 सेकंदांची. सायन्सच्या मित्राने विचारलं, ‘दोन सेकंद वाढले कसे?’ मी त्याला ती ओळ म्हणून दाखवली.