‘परवा’ म्हणजे कधी? : रजेच्या उत्तराचे मुद्रितशोधन

मराठी विभागात पत्रलेखन शिकवले जाते ते मायन्यापासून ‘आपला नम्र’पर्यंत. पण आज कार्यालयांतून सर्वाधिक वेळा वाचल्या जाणाऱ्या मराठी पत्रांपैकी एकाला आपल्या अभ्यासक्रमात जागा नाही. ते म्हणजे रजेवर गेलेल्या माणसाच्या ईमेल खात्यातून आपोआप जाणारे उत्तर. ‘तीन ओळींचा कारकुनी मजकूर, त्यात भाषेचा काय प्रश्न?’ असे आमच्यातले काही विचारतात. माझे म्हणणे असे की भाषेचाच प्रश्न आहे, आणि ऱ्हस्वदीर्घ तपासून तो सुटत नाही.

नमुन्यादाखल एक उत्तर घेऊ. एका महाविद्यालयाच्या कार्यालयातून मे २०२५ मध्ये ते पाठवले गेले होते. “मी परवापासून रजेवर आहे. पुढच्या सोमवारी कार्यालयात असेन. तातडीच्या कामासाठी कार्यालयाशी संपर्क साधावा.” शुद्धलेखनाच्या दृष्टीने यात एकही चूक नाही. एखाद्या परीक्षकाने पूर्ण गुण दिले असते.

लिपिकाने हा मजकूर शनिवारी, ३ मे रोजी लिहून चालू केला. त्याची रजा सोमवार, ५ मेपासून होती आणि तो सोमवारी, १२ मे रोजी परतणार होता. पनवेलजवळच्या कोन गावी राहणाऱ्या एका विद्यार्थिनीने रविवारी, ४ मे रोजी गुणपत्रकाच्या साक्षांकित प्रतीसाठी ईमेल केला. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत शनिवार, १० मे रोजी संपत होती. उत्तर तत्काळ आले. ती ते रविवारी वाचत होती, म्हणून तिच्या दृष्टीने ‘परवा’ म्हणजे शुक्रवार आणि ‘पुढचा सोमवार’ म्हणजे उद्या. साहेब शुक्रवारपासून रजेवर आहेत, उद्या येतील, असा सरळ अर्थ तिने लावला. सोमवारी कोनहून रिक्षाने पनवेल स्थानक, तिथून हार्बरची लोकल, असे करून ती पोहोचली. टेबल रिकामे होते.

तिने वाचण्यात चूक केली, असे कुणी म्हणेल तर ते मी मान्य करणार नाही. ‘परवा’ हा शब्द मराठीत मागेही जातो आणि पुढेही. एरवी क्रियापद त्याची दिशा ठरवते : ‘परवा आलो’, ‘परवा येईन’. पण ‘परवापासून रजेवर आहे’ या वाक्यात क्रियापदही मदत करीत नाही, कारण ठरलेल्या नजीकच्या भविष्यासाठी आपण वर्तमानकाळच वापरतो. ‘उद्यापासून मी रजेवर आहे’ हे निर्दोष मराठी आहे. म्हणजे रविवारच्या वाचकाला हे वाक्य ‘शुक्रवारपासून’ असेही कळते आणि ‘मंगळवारपासून’ असेही. लिहिणाऱ्याच्या मनातला सोमवार मात्र त्याला कोणत्याही मार्गाने सापडत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्याला याचे कारण चटकन कळायला हवे. कथनाचा काळ आणि वाचनाचा काळ यांतले अंतर आपण कादंबरीत शोधतो. या पत्रात ते अंतर विलक्षण आहे. मजकूर एकदाच लिहिला जातो, पण प्रत्येक ईमेलसाठी नव्याने पाठवला जातो. त्यातला ‘आज’ लिहिणाऱ्याचा उरत नाही, तो वाचणाऱ्याचा होतो. म्हणून उद्या, परवा, सध्या, येत्या, पुढच्या हे सगळे शब्द त्यात निकामी ठरतात. मुद्रितशोधकाची कसोटी एकच : रजेच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत कधीही वाचले तरी प्रत्येक वाक्य खरे राहते का?

‘असेन’चे काय? भविष्यकाळ म्हणून ते ठीक वाटते. पण हाच मजकूर तृतीय पुरुषात गेला, ‘संबंधित लिपिक सोमवारी कार्यालयात असतील’ असा झाला, की त्यात तर्काची छटा येते. ‘तो घरी असेल’ म्हणताना आपण अंदाज करतो, हमी देत नाही. ‘कामावर रुजू होतील’ म्हटले की अंदाजाला वाव राहत नाही.

पुढे मंगळवारी, ६ मे रोजी तिने पुन्हा ईमेल केला. या वेळी काहीच उत्तर आले नाही. त्यातही बिघाड नव्हता. ते खाते जीमेलचे होते आणि जीमेल एकाच व्यक्तीला हे उत्तर साधारणपणे चार दिवसांतून एकदाच पाठवते, मधल्या ईमेलना नाही. तिला वाटले, आपोआप येणारे उत्तर थांबले, त्याअर्थी माणूस कामावर आला आहे आणि आपले काम करतो आहे. ती थांबली. १० तारीख गेली. म्हणून जे सांगायचे ते पहिल्याच प्रतीत पूर्ण सांगावे लागते.

आणि १२ मेचे काय? त्या सोमवारी बुद्धपौर्णिमा होती, राज्यात सार्वजनिक सुट्टी. रजा लिहिताना कॅलेंडर पाहिले असते तर ‘पुढच्या सोमवारी’ हे शब्द उमटलेच नसते.

सर्वांत क्लेशदायक गोष्ट तिसऱ्या वाक्यात आहे. त्याच खोलीत शेजारच्या टेबलावरचा लिपिक आठवडाभर हजर होता आणि साक्षांकित प्रत देण्याचा अधिकार त्यालाही होता. ‘कार्यालयाशी संपर्क साधावा’ यात तो कुठेही नाही. कार्यालयाला ईमेल केला म्हणूनच तर हे उत्तर आले होते! संपर्काच्या ओळीत कोण, कोणत्या कामासाठी, कोणत्या क्रमांकावर, किती वाजता हे चार तपशील हवेत. शिवाय त्या पर्यायी माणसाला आधी विचारलेले असावे आणि तो स्वतः त्या दिवसांत रजेवर नसावा.

अशा पत्रातून होणारा गोंधळ केवळ आपल्याकडचा नाही. २००८ साली वेल्समधील स्वान्सी येथे एका रस्तेफलकाचा इंग्रजी मजकूर वेल्श अनुवादासाठी ईमेलने पाठवला गेला. अनुवादकाकडून वेल्शमध्ये उत्तर आले आणि तेच इंग्रजीखाली रंगवून फलक उभा राहिला. त्या वेल्श ओळींचा अर्थ होता, मी सध्या कार्यालयात नाही. उत्तर स्वयंचलित आहे हे ज्याला ती भाषा येत नव्हती त्याला कळायला मार्ग नव्हता. आपल्या कार्यालयांना अमराठी माणसेही लिहितात. तेव्हा ‘स्वयंचलित उत्तर’ हे शब्द विषयाच्या ओळीतच, मराठीत आणि इंग्रजीत, असायला हवेत.

आता तेच पत्र दुरुस्त करून पाहू. “हे स्वयंचलित उत्तर आहे. सोमवार, ५ मे २०२५ ते सोमवार, १२ मे २०२५ (दोन्ही दिवस धरून) मी कार्यालयात नाही. १२ मे रोजी बुद्धपौर्णिमेनिमित्त कार्यालय बंद आहे. मंगळवार, १३ मे रोजी मी कामावर रुजू होईन आणि आलेल्या ईमेलना त्या दिवसापासून उत्तरे देईन. त्याआधी साक्षांकित प्रत हवी असल्यास पुढील क्रमांकावर कामाच्या दिवशी सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळेत संपर्क साधावा.” खाली शेजारच्या लिपिकाचे नाव, पद आणि क्रमांक. ‘दोन्ही दिवस धरून’ हे शब्द अनावश्यक नाहीत, कारण ‘१२ मेपर्यंत’ म्हटले तर बारावा दिवस आत की बाहेर, हे मराठीत संदर्भावरच ठरते. महिना अक्षरांत लिहिला आहे, कारण ५/६ हा आकडा परदेशातल्या माजी विद्यार्थ्याला ६ मे वाटू शकतो. एवढे झाल्यावर खात्यात रजेचा शेवटचा दिवस भरायचा. जीमेलमध्ये तो भरणे ऐच्छिक आहे, आणि न भरल्यास माणूस परतल्यावरही त्याचे पत्र तो नसल्याचे सांगत राहते.

यात अलंकार नाही, रस नाही. पण काळ, अर्थ आणि वाचक यांचा जो विचार आपण वर्गात सांगतो, तो या पाच वाक्यांत लागू करता येत नसेल तर आपण नेमके काय शिकवतो, हे विचारण्याचा अधिकार कोनच्या त्या मुलीला आहे.