दादी उठायची की उठते?

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी लिहिताना एक गोष्ट हमखास होते. सुरुवात भूतकाळात होते, चार ओळींनंतर क्रियापदे वर्तमानात जातात आणि लिहिणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. वाचणाऱ्याला मात्र प्रश्न पडतो, की दादी हयात आहे की मरहूम? कारण तोंडी सांगताना आपण सहज ‘मग दादी येते, मला उठवते’ असे बोलतो. तेव्हा समोरच्याला आपला चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो. कागदावर सगळा भार क्रियापदावर असतो.

समजा, कोणी असे लिहिले आहे:

“दादी सहरीला सगळ्यांच्या आधी उठायची. चूल पेटवून ती भाकऱ्या थापते, मग एकेकाला हलवून जागे करते. त्या दिवशी माझा पहिला रोजा होता. दादीने माझ्यापुढे दुधाचा पेला ठेवला आणि ती म्हणाली, ‘सगळे प्यायचे.’ मी खिडकीतून पाहिले तर बाहेर अजून काळोख आहे. मशीद आमच्या घरामागेच आहे. तेवढ्यात अजान झाली. दादी पदर सावरते आणि मुसल्ला अंथरते.”

मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते, याचा फायदा घ्यावा. पूर्ण मजकूर न वाचता पेन्सिल घेऊन फक्त क्रियापदांखाली रेघ ओढत जावे: उठायची, थापते, करते, होता, ठेवला, म्हणाली... असे वाचले की घसरण लगेच दिसते. गोष्टीत रमून वाचले तर ती सुटते.

आता दुरुस्ती. इथे घाईने सगळ्यालाच ‘थापल्या, केले’ करून टाकणे ही दुसरी चूक. ‘थापल्या’ म्हणजे एकदाच, त्या एका दिवशी. दादी तर हे रोज करीत होती. म्हणून ‘थापायची’ आणि ‘जागे करायची’ हवे. ‘थापत असे’ही चालेल, पण घरगुती आठवणीत ते जरा पुस्तकी वाटते. रोजचे ‘-यची’ने सांगितले, की ‘त्या दिवशी’ या शब्दांना जोर येतो. आता रोजची गोष्ट संपली, एका दिवसाची सुरू झाली, हे वाचकाला कळते.

शेवटचे वाक्य त्या एका दिवसाचे आहे, म्हणून तिथे साधा भूतकाळ: ‘दादीने पदर सावरला आणि मुसल्ला अंथरला.’ इथे क्रियापदाबरोबर कर्ताही बदलला, ‘दादी’चे ‘दादीने’ झाले. हे विसरले की ‘दादी पदर सावरला’ असे वाक्य मागे उरते. ‘म्हणाली’ला मात्र हा ‘ने’ लागत नाही. काळ घसरतो तो बहुतेक अशाच जागी, जिथे प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहतो.

‘सगळे प्यायचे’ला हात लावू नये. रूप ‘उठायची’सारखे दिसते, पण ती दादीची आज्ञा आहे, आणि बोलणाऱ्याचे शब्द त्याच्याच काळात राहतात. ‘पाहिले तर बाहेर काळोख आहे’ हेही चूक नाही. मराठीत ‘पाहिले तर’, ‘वाटले की’ यांच्यामागून येणारी गोष्ट त्या क्षणाच्या नजरेने सांगण्याची रीत आहे. ‘काळोख होता’ लिहिले तरी बिघडत नाही, पण मला ‘आहे’च बरे वाटते, त्यात ते मूल खिडकीशी उभे दिसते.

मशिदीच्या वाक्याचा निकाल मात्र दुसऱ्या कोणालाच लावता येणार नाही. घर आजही आपले असेल, तर ‘आहे’ बरोबर. घर विकले असेल, पाडले असेल, तर ‘होती’. संपादकाने अंदाजाने ‘होती’ केले, तर वाचक समजेल की मशीदच उरली नाही. म्हणून मजकूर पाठवण्यापूर्वी लिहिणाऱ्यानेच प्रत्येक ‘आहे’पाशी थांबून विचारावे: हे आज खरे आहे का?

सगळा प्रसंग मुद्दाम वर्तमानात सांगायचा असेल तरी हरकत नाही. मग ‘पहिल्या रोजाची पहाट. दादी मला हलवते, पेला पुढे ठेवते’ असा नवा परिच्छेद सुरू करावा आणि तो संपेपर्यंत त्याच काळात राहावे. ‘रोज उठायची’ हा भाग त्याआधीच्या परिच्छेदात ठेवावा. एकाच वाक्यात ‘ठेवला’ आणि ‘अंथरते’ आले, तर कोणीही ते मुद्दाम केले असे मानणार नाही.

मजकूर दोन बैठकीत लिहिला असेल, तर पहिल्या दिवशी जिथे पेन खाली ठेवले ती जागा आधी तपासावी. दुसऱ्या दिवशी मागचे न वाचता पुढे लिहायला घेतले, की तिथेच ‘उठायची’ची ‘उठते’ झालेली सापडते.