पुस्तिका एक, लिहिणारे चौघे

मार्चअखेर जवळ आली की संस्थांना माहितीपुस्तिकेची आठवण होते. जुन्या प्रती संपलेल्या असतात, खर्चाची तरतूद पडून असते, आणि चार वेगवेगळ्या ईमेलमधून आलेला मजकूर आपल्यापुढे येऊन पडतो. सोबत सूचना एकच असते: ‘जरा एकसारखं करून द्या, शुद्धलेखन बघून घ्या.’ ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार बघायला एक दुपार पुरते. ‘एकसारखं’ करायला मात्र आठवडा जातो, कारण तिथे नुसती भाषा दुरुस्त करून भागत नाही.

अलीकडेच हाती आलेली एका धर्मादाय रुग्णालयाची सोळा पानी पुस्तिका उदाहरणादाखल घेऊ. संस्थापक डॉक्टरांनी इतिहास लिहिला होता. त्यात ‘मी’ आणि ‘आम्ही’ आलटून पालटून, सगळा मजकूर भूतकाळात. प्रशासकीय अधिकाऱ्यांचा मजकूर ‘करण्यात येते’ आणि ‘रुग्णांनी सादर करावीत’ या वळणाचा. जनसंपर्क सांभाळणाऱ्या तरुण मुलीने रुग्णांशी थेट ‘तुम्ही’ म्हणून गप्पा मारल्या होत्या, त्याही ‘केलं’, ‘सांगितलं’ अशा बोलण्यातल्या रूपांत. देणगीचे आवाहन एका विश्वस्तांचे, पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘आपण’. चौघांचे मजकूर स्वतंत्र पानांवर असते तर एक वेळ चालले असते. पण आधीच्या कुणीतरी ते कापून एकमेकांत बसवले होते. भरतीच्या पानावरचा हा परिच्छेद पाहा:

‘भरतीसाठी येणाऱ्या रुग्णांनी आधारकार्ड, रेशनकार्ड व पूर्वीचे सर्व रिपोर्ट सोबत आणावेत. तुम्ही आलात की आमची मदतनीस तुम्हाला फॉर्म भरून देईल. खाट उपलब्ध झाल्यावर आपणास कळविण्यात येईल. नातेवाइकांसाठी धर्मशाळा बांधण्यात येत असून तेथे अल्प दरात राहण्याची सोय होते.’

चार वाक्यांत वाचणारा आधी ‘रुग्ण’ आहे, मग ‘तुम्ही’, मग ‘आपण’. पहिल्यांदा हात शिवशिवतो तो ही सर्वनामे बदलायला. तो आवरावा. आधी छापील प्रतीवर फक्त खुणा कराव्यात: प्रत्येक वाक्याच्या क्रियापदाखाली रेघ, आणि समासात बोलणारा कोण व ऐकणारा कोण एवढीच नोंद. सोळा पानांना तासभर लागतो, पण ठिगळ कुठे कुठे आहे ते दिसू लागते. शिवाय क्रियापदांकडे ओळीने पाहिले की मजकुरातल्या खोट्या जागाही उघड्या पडतात. वरच्या परिच्छेदातली धर्मशाळा पाहा. ती बांधण्यात येत आहे आणि तिथे सोयही होते आहे. हा काळाचा घोळ दोन वेगवेगळ्या वर्षांच्या मजकुरांतून आलेला आहे. अर्धे वाक्य जुन्या पुस्तिकेतून उचललेले, अर्धे नव्याने लिहिलेले. ‘बांधली असून’ करून टाकणे सोपे होते. विचारल्यावर कळले की तळमजला वापरात आहे आणि वरच्या मजल्याचे काम चालू आहे. ही माहिती व्याकरणाच्या कुठल्याही पुस्तकात मिळाली नसती.

‘कळविण्यात येईल’चीही तीच गत. या रचनेत कर्ता नसतो, म्हणून कार्यालयांना ती सोयीची वाटते. तिचे ‘आम्ही कळवतो’ करताना कर्ता शोधावा लागतो आणि तो कधीकधी सापडतच नाही. इथे कोण कळवते, फोन करून की निरोप पाठवून, असे विचारले तर उत्तर आले की कळवत कुणीच नाही. संध्याकाळी मदतकक्षासमोरच्या फलकावर यादी लागते, ती बघायची. वाक्य नुसते एकसारखे करून दिले असते तर फोनची वाट बघत घरी बसलेला एखादा रुग्ण खाटेला मुकला असता. म्हणून खुणा झाल्या की दुरुस्तीला हात लावण्याआधी संस्थेला प्रश्नांचे एक पान पाठवावे. तोंडी विचारू नये. उत्तरे लेखी आली म्हणजे नंतर ‘आम्ही असं म्हणालोच नव्हतो’ हा प्रसंग टळतो.

उत्तरे आल्यावर पहिला निर्णय बोलणारा आणि ऐकणारा यांचा. काळ त्यानंतर. बोलणारा ठरला नसताना काळ नीट करायला घेतला की तेच वाक्य दोनदा लिहावे लागते. या पुस्तिकेत बोलणारे रुग्णालय म्हणून ‘आम्ही’ आणि ऐकणारा रुग्ण किंवा त्याच्या घरचे माणूस म्हणून ‘तुम्ही’ असे ठरवले. विश्वस्तांना ‘तुम्ही’ रुक्ष वाटले. त्यांना सगळीकडे ‘आपण’ हवे होते. आपल्याकडच्या बहुतेक संस्थांचा आग्रह हाच असतो आणि त्यामागची भावना चांगली असते. अडचण अशी की मराठीत ‘आपण’ दोन कामे करतो. तो आदराने दुसऱ्याला उद्देशून येतो, आणि बोलणारा व ऐकणारा दोघांना मिळूनही येतो. ‘आपण वीस खाटा वाढवणार आहोत’ आणि ‘आपण मदत करणार आहात’ या वाक्यांत ‘आहोत’ आणि ‘आहात’वरून फरक कळतो. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात हा आधार जातो. ‘आपण ही इमारत उभारली’ यात क्रियापद इमारतीच्या मागे गेले. कर्मणी प्रयोगात ते कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे चालते, कर्ता कोण याची खूण त्यावर उरत नाही. मग इमारत देणगीदारांनी उभारली, संस्थेने उभारली, की सगळ्यांनी मिळून? देणगीच्या आवाहनात ही संदिग्धता गोडही वाटेल. पैसे कुठे भरायचे आणि औषध कोण आणायचे हे सांगणाऱ्या पानावर ती महागात पडते. ‘आपल्या औषधांचा खर्च’ म्हणजे कुणाचा?

आणि ‘तुम्ही’ मराठीत आदरार्थीच आहे. परक्या वडीलधाऱ्या माणसाला आपण तेच म्हणतो. त्याचा आणखी एक फायदा आहे. ‘रुग्ण’ हा कर्ता ठेवला की ‘त्याने’ लिहायचे की ‘तिने’ हा प्रश्न वाक्यावाक्याला उभा राहतो. ‘तुम्ही’ने तो आपोआप मिटतो.

बदल करताना ‘शोधा आणि बदला’वर विसंबू नये. ‘तू’ शोधायला जाल तर ‘वस्तू’ आणि ‘हेतू’ हाती लागतील. ‘आपण’च्या जागी सरसकट ‘तुम्ही’ घातले की ‘आपण सगळे मिळून’चे ‘तुम्ही सगळे मिळून’ होते आणि संस्था हात झटकून मोकळी झाल्यासारखी दिसते. ‘आपली कागदपत्रे’मधले ‘आपली’ कर्त्याकडे बोट दाखवणारे आहे की वाचकाचा मान राखणारे, हे वाक्य वाचूनच ठरते. शोध वापरावा तो राहून गेलेल्या जागा हेरण्यासाठी. ‘ण्यात ये’ एवढाच तुकडा शोधला तरी ‘करण्यात येते’, ‘देण्यात येईल’, ‘कळविण्यात येत आहे’ हे सगळे एका रांगेत समोर येतात. ‘ण्यात आल’ वेगळे शोधायचे.

‘आणावेत’चे ‘आणा’ करणे सोपे, उलटे करताना चुका होतात. ‘पिशवी आणा, रिपोर्ट आणा, कागदपत्रे आणा’ यांत क्रियापद एकच. विध्यर्थात गेले की ‘पिशवी आणावी’, ‘रिपोर्ट आणावेत’, ‘कागदपत्रे आणावीत’ अशी तीन रूपे होतात आणि कर्त्याला ‘नी’ लागतो. घाईत ‘रुग्ण कागदपत्रे आणावे’ असे काहीतरी उरते. ज्या पुस्तिकेत संस्थेने ‘करावे’चाच आग्रह धरला असेल तिथे शेवटचे वाचन फक्त या जुळणीसाठी ठेवा.

काळाच्या बाबतीत सगळे एका काळात कोंबण्याची गरज नाही. इतिहास भूतकाळात राहू द्या. नेहमी घडणाऱ्या गोष्टी साध्या वर्तमानकाळात: ‘बाह्यरुग्ण विभाग सकाळी नऊला सुरू होतो.’ वाचकाने करायचे ते आज्ञार्थात. भविष्यकाळ अगदी थोड्या ठिकाणी, कारण छापलेला ‘मिळेल’ हा शब्द संस्थेला बांधून टाकतो आणि पुस्तिका तीन-चार वर्षे टेबलावर असते. त्याच कारणाने ‘लवकरच’, ‘नुकतेच’, ‘यंदा’ यांच्याकडे संशयाने पाहावे. ‘डायलिसिस विभाग लवकरच सुरू होत आहे’ हे वाक्य एक तर तारखेसह लिहावे किंवा विभाग सुरू होईपर्यंत गाळावे.

दोन जागा आम्ही जाणूनबुजून वेगळ्या ठेवल्या. संस्थापकांच्या आठवणींतला ‘मी’ तसाच ठेवला, पण चौकटीत आणि खाली सहीसह. इतिहासाच्या मुख्य मजकुरात मात्र ‘मी’ काढून रुग्णालयाची हकीकत ठेवली. दुसरी जागा सवलतींची. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खालील योजनेची ती अट आहे. तिथली ‘निर्धन’ आणि ‘दुर्बल घटक’ ही नावे मऊ करायला जाऊ नये. ‘गरजू’ कानाला बरे वाटते, पण अर्जावर तो शब्द नाही, आणि रुग्णाला खिडकीशी योजनेतलेच नाव सांगावे लागते. अशा ठिकाणी शासकीय शब्द जसाच्या तसा ठेवून त्याच्या पुढच्या वाक्यात पुस्तिकेच्या आवाजात काय करायचे ते सांगावे.

भरतीचा परिच्छेद शेवटी असा झाला: ‘भरतीसाठी येताना आधारकार्ड, रेशनकार्ड आणि आधीचे सगळे रिपोर्ट सोबत आणा. फॉर्म भरायला मदतकक्षातील कर्मचारी तुम्हाला मदत करतात. खाट मिळालेल्या रुग्णांची यादी आम्ही रोज संध्याकाळी मदतकक्षासमोर लावतो. ती पाहायला कुणीतरी थांबा. नातेवाइकांना धर्मशाळेच्या तळमजल्यावर अल्प दरात राहता येते.’ ‘केलं’, ‘सांगितलं’ ही रूपे आम्ही फक्त रुग्णांच्या अनुभवांत, अवतरणचिन्हांच्या आत ठेवली.

‘मदतनीस फॉर्म भरून देईल’चे ‘कर्मचारी मदत करतात’ का झाले, असे संस्थेने विचारले. मूळ मजकुरात ‘डॉक्टर तपासतात’ होते, ‘परिचारिका रक्तदाब पाहते’ होते आणि ‘मावशी चादर बदलते’ होते. चौघांपैकी प्रत्येकाच्या लेखनात आदराचे अनेकवचन डॉक्टरांपाशीच थांबले होते. चौघांचे जिथे एकमत होते अशी ही एकच जागा, आणि तीच आम्ही बदलली. परिचारिका रक्तदाब पाहतात, मावशी चादर बदलतात. मुद्रिताच्या दुसऱ्या वाचनात प्रशासकीय अधिकाऱ्यांनी ‘मावशी’वर फुली मारून ‘सफाई कर्मचारी’ लिहिले. क्रियापदाला त्यांनी हात लावला नाही.