भाषण दीड तासाचे, थ्रेड सहा पोस्टचा. मग अट गेली कुठे?

९ जानेवारी २००७. सॅन फ्रान्सिस्कोच्या मॅकवर्ल्ड परिषदेत स्टीव्ह जॉब्ज सांगतात की, आज तीन क्रांतिकारी उत्पादने आणत आहोत: टच स्क्रीनचा आयपॉड, मोबाइल फोन आणि इंटरनेटचे साधन. तिन्ही नावे ते पुन्हा पुन्हा घेतात. प्रेक्षक हसू लागल्यावर खुलासा होतो, ही तीन उपकरणे नाहीत, एकच आहे, नाव आयफोन.

हे भाषण ऐकता ऐकता थ्रेड टाकणाऱ्याची पहिलीच पोस्ट 'ॲपलची तीन नवी उत्पादने' अशी गेली असती. वाक्य जॉब्ज यांचेच, तरीही बातमी चुकीची. म्हणून लेखी उताऱ्यावर काम करताना तो आधी शेवटपर्यंत वाचायचा आणि मगच पेन्सिल उचलायची. आपोआप तयार झालेला उतारा असेल, तर नावेही तपासावी लागतात. या भाषणातली 'सिंग्युलर' ही फोन कंपनी आहे. उच्चार मात्र 'एकवचनी' या अर्थाच्या इंग्रजी शब्दासारखाच.

आकडा राहतो, अट गळते

मजकूर कापताना आकड्याला कुणी हात लावत नाही. कात्री चालते ती त्याच्या शेजारच्या चार शब्दांवर, आणि नेमका अर्थ तिथेच असतो. आयफोनची किंमत ४९९ डॉलर, हे अर्धेच खरे. तो ४ जीबीचा फोन होता आणि किंमत दोन वर्षांच्या करारासह होती. 'दोनशेहून अधिक पेटंट' हेही तसेच. जॉब्ज म्हणाले होते ते पेटंटसाठी अर्ज केल्याबद्दल. अर्ज केला म्हणजे पेटंट मिळाले असे होत नाही. 'इतरांपेक्षा पाच वर्षे पुढे' हा दावा सॉफ्टवेअरबद्दल होता, सगळ्या फोनबद्दल नाही. शिवाय तो विक्रेत्याचा स्वतःच्या मालाविषयीचा दावा, त्यामुळे 'जॉब्ज यांच्या मते' हे शब्द वाक्याच्या सुरुवातीलाच हवेत. मराठीत 'असा दावा त्यांनी केला' हे शेवटी येते, आणि घाईत वाचणारा तिथवर पोहोचेलच असे नाही.

सर्वांत मोहाचा आकडा विक्रीचा. जॉब्ज यांनी पडद्यावर दाखवले की, २००६ मध्ये जगात ९५.७ कोटी मोबाइल विकले गेले. त्यातला एक टक्का वाटा, म्हणजे साधारण १ कोटी फोन, २००८ मध्ये मिळवण्याचे उद्दिष्ट त्यांनी सांगितले. 'ॲपल १ कोटी आयफोन विकणार' असे लिहिले की उद्दिष्टाचे भाकीत होते. पुढे ते गाठले गेलेही, पण म्हणून २००७ ची ती पोस्ट बरोबर ठरत नाही. मिलियनचे कोटी करताना दशांश चिन्ह घसरते, त्यावर उपाय इथेच आहे: ९५.७ कोटींचा एक टक्का १ कोटीच्या जवळ यायला हवा. उत्तर १० कोटी येत असेल तर मागे जाऊन बघा.

प्रत्येक पोस्ट एकटी फिरते

'अट तिसऱ्या पोस्टमध्ये दिली आहे' हा बचाव डेस्कवर नेहमी ऐकू येतो. तो टिकत नाही, कारण लोक थ्रेड शेअर करत नाहीत, त्यातली एक पोस्ट करतात किंवा तिचा स्क्रीनशॉट. आकडा आणि अट एकाच पोस्टमध्ये बसली पाहिजेत. उदाहरणार्थ:

'किंमत: ४ जीबी ४९९ डॉलर, ८ जीबी ५९९ डॉलर, दोन्ही दोन वर्षांच्या करारासह. अमेरिकेत विक्री जूनमध्ये. एफसीसीची परवानगी अजून घ्यायची आहे, असे जॉब्ज यांनी सांगितले.'

एक्सवरच्या २८० च्या मर्यादेत हे आरामात मावते. मात्र डोळ्यांनी अक्षरे मोजू नका. तिथे काना, मात्रा आणि पायमोडके चिन्हही वेगळे धरले जाते. 'स्त्री' हे दिसायला एक अक्षर, मोजणीत सहा. जागा कमी पडली की 'क्रांतिकारी' काढावे, 'करारासह' नाही. एवढे करूनही जमेना, तर तो मुद्दाच सोडून द्यावा. सहा पोस्टमध्ये अख्खे भाषण आणण्याची सक्ती कुणी केलेली नाही. त्या दिवशी ॲपल टीव्हीवरही बरेच बोलणे झाले होते. आयफोनच्या थ्रेडमध्ये ते नसले तरी चालते.

तारीख मात्र सोडता येत नाही. जानेवारीत जॉब्ज यांनी बॅटरीवर पाच तास बोलता येईल असे सांगितले. १८ जूनला ॲपलने तोच आकडा आठ तास केला. जुनी पोस्ट चुकीची नव्हती, पण तारखेशिवाय जूनमध्ये फिरली असती तर वाचणाऱ्याला चुकीचीच माहिती मिळाली असती. असा बदल झाला की खुलासा थ्रेडच्या तळाशी टाकून भागत नाही. तो बॅटरीच्या त्या पोस्टलाच उत्तर म्हणून जोडावा लागतो.