झूल पाठीवर, तोंड मोकळं

गेल्या दिवाळीत लेक, जावई आणि नात पुण्याहून आमच्याकडे नाशिकला आले. सोबत त्यांचा चिकूही होता. चिकू म्हणजे पांढऱ्या कापसाच्या गोळ्यासारखा पॉमेरेनियन. नातीनं त्याच्यासाठी खास पोशाख आणला होता. सॅटिनची शेरवानी, पोटाखाली वेल्क्रोची पट्टी आणि हनुवटीखालून इलॅस्टिक असलेला जरीचा फेटा. "आजी, बघ ना, किती गोड दिसतोय!" असं म्हणत तिनं त्याला माझ्यासमोर उभं केलं.

दिसत होता गोड, खोटं कशाला बोलू? पण मी एकोणतीस वर्षं वर्गावर उभी होते. बाकावर गप्प बसलेलं मूल शहाणं म्हणून गप्प आहे की घाबरून, हे चेहऱ्यावरून कळायला लागतं. चिकूचे कान फेट्याखाली दाबले गेले होते. तो सारखी जीभ ओठांवरून फिरवत होता, झोप आलेली नसताना जांभया देत होता आणि मान न हलवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होता. त्यामुळे डोळ्यांचा पांढरा भाग दिसत होता. नात म्हणाली, "बघ, कसा शहाण्यासारखा उभा आहे!" तो शहाणा नव्हता, थिजला होता. कुत्रं बोलतं ते कानांनी, डोळ्यांनी, तोंडानं आणि शेपटीनं. त्याच्या चेहऱ्यावर फेटा, गॉगल आणि मुखवटा चढवला की त्याला सांगता येत नाही आणि आपल्याला ऐकू येत नाही.

दुसरी गोष्ट उष्णतेची. आपल्यासारखा अंगभर घाम कुत्र्याला येत नाही. थोडा पंजांच्या तळव्यांना येतो, बाकी सगळं काम धापा टाकून चालतं. त्यासाठी तोंड पूर्ण उघडता आलं पाहिजे. हनुवटीखालचं इलॅस्टिक नेमकं तेच अडवतं. दिवाळीतल्या दुपारी नाशिकला थंडी कुठली? आणि चिकूला तर स्वेटर जन्मतःच मिळालेला आहे. वर लांब, राठ केस आणि खाली दाट, मऊ लव. त्या लवेत हवा अडकून राहते आणि तीच त्याला गरम ठेवते. वरून घट्ट कापड आवळलं की लव दबते, हवा निघून जाते, आणि चांगला स्वेटर बिघडवून आपण त्याला वाईट स्वेटर घालतो.

फोटो झाले, फेटा लगेच काढला, पण पाहुण्यांच्या गडबडीत शेरवानी तीन-चार तास अंगावरच राहिली. रात्री काढताना वेल्क्रोत मूठभर केस अडकलेले, आणि पुढच्या पायांच्या बगलेत सुपारीएवढ्या दोन जटा. जावई कात्री घेऊन आले. मी म्हटलं, थांबा. जट कातडीला धरून असते, आणि ती ओढली की कातडीही वर उचलली जाते. कात्री केसांऐवजी कातडीवर चालते. लेक म्हणाली, आंघोळच घालू. तेही नको, कारण जट भिजली की आणखी आवळते. मग जटेवर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळलं, मुळाशी दोन बोटांनी केस धरून ठेवले, म्हणजे कातडीला हिसका बसत नाही, आणि टोकाकडून थोडंथोडं मोठ्या दातांच्या फणीनं सोडवलं. पाऊण तास लागला. घर्षण होतं तिथे केस गुंततात. बगल, जांघ, कानामागची जागा आणि गळपट्टा. म्हणून लांब केसांच्या कुत्र्याला काही घालायचंच असेल, तर आधी आणि नंतर या चार जागा विंचरायच्या.

म्हणजे मी कपड्यांच्या विरोधात आहे का? मुळीच नाही. आमच्या मोतीला मी स्वतः स्वेटर विणला आहे. मोती गावठी, बारा वर्षांचा. केस आखूड, खाली लव जवळजवळ नाही, अंग हडकलेलं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे कुडकुडतो आणि सांधे धरल्यामुळे उठताना कण्हतो. त्याला स्वेटर ही गरज आहे, हौस नाही.

पहिला स्वेटर माझा फसला. मी छातीचं माप तंतोतंत घेतलं, सैलपणा ठेवलाच नाही. चार दिवसांत बगलेतले केस घासून कातडी लाल झाली. उसवला आणि पुन्हा घातला. या वेळी मापं नीट लिहून घेतली. मान 14 इंच, पुढच्या पायांमागे छातीचा घेर 22 इंच, मानेच्या बुडापासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठ 18 इंच. मानेला एक इंच आणि छातीला दोन इंच सैल. धुवायला सोपी अशी ॲक्रिलिक लोकर घेतली. माझ्या हाताचे 8 नंबरच्या सुयांवर इंचाला 5 टाके बसतात. म्हणून मानेला 76 टाके, दोन सुलट दोन उलट, म्हणजे ताणलं जातं आणि परत आवळतं. ही पट्टी कानांच्या बरीच खाली संपली पाहिजे. मग हळूहळू वाढवत छातीला 120 टाके. पुढच्या पायांसाठी तीन इंचांच्या ऐसपैस फटी. शिवण पोटाखाली येते, म्हणून पायांच्या मागे दोन इंच विणल्यावर दोन्ही कडांचे वीस-वीस टाके बंद केले. उरलेल्या 80 टाक्यांवर फक्त पाठ विणली, तीही शेपटीच्या दोन इंच आधी थांबवली. पोटाकडची बाजू आखूड का? नर कुत्र्याचा स्वेटर लघवीनं भिजतो, आणि ओला स्वेटर थंडीपेक्षा वाईट. बटणं, गोंडे, टिकल्या काही नाही. चावून गिळलं तर डॉक्टर गाठावा लागतो.

घातल्यावर दोन बोटं मानेत आणि बगलेत सहज गेली पाहिजेत. मग त्याला चालू द्यावं, बसू द्यावं, अंग झटकू द्यावं. चालताना पाय आखडले तर फट लहान आहे. थोड्या वेळानं स्वेटरच्या आत हात घालून बघावा. अंग दमट, गरम लागलं किंवा धापा सुरू झाल्या, तर स्वेटर उतरवायचा. मोतीचा स्वेटर ऊन आलं की निघतो आणि रोज झटकला जातो.

मांजरांबद्दल दोनच वाक्यं. मांजराला कपडा घातला की बहुतेक वेळा ते पोट जमिनीला टेकवून सरपटतं किंवा आडवं पडतं, लोक हसतात, पण बिचाऱ्याला अंगही चाटता येत नाही. मिशांवर काही घासलं तर ते आणखी वैतागतं आणि विणकामात नखं अडकतात, म्हणून मांजराला आजारपणात डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काही घालूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे जनावर सजवायची रीत जुनीच आहे. पोळ्याला बैलाच्या पाठीवर झूल घालतात, शिंगं रंगवतात, कपाळावर बाशिंग बांधतात. पण डोळे, नाक, तोंड मोकळं असतं, आणि मिरवणूक संपली की झूल उतरते. ज्यांनी ती रीत घातली त्यांना जनावर कळत होतं.

नातीला मी हे सांगितलं तेव्हा ती जरा रुसली. पाडव्याला मात्र तिनंच चिकूच्या गळ्यात एक सैलसा रेशमी रुमाल बांधला, पणत्यांपासून लांब बसवलं आणि फोटो काढला. त्या फोटोत चिकूची जीभ बाहेर आहे, कान उभे आहेत. तोच फोटो आता माझ्या टेबलावर आहे. शेरवानीतले फोटो तिनं कुणाला दाखवले की नाही, मी विचारलं नाही.