खात्यातील शिल्लक आणि बँकेचा हात

ऑगस्ट 2024 मध्ये वायनाडच्या भूस्खलनातून वाचलेल्या कुटुंबांच्या खात्यांत केरळ सरकारने तातडीची मदत म्हणून प्रत्येकी 10 हजार रुपये जमा केले. त्यातूनच एका ग्रामीण बँकेने काहींच्या जुन्या कर्जांचे हप्ते वळते करून घेतले. राज्यभर संताप उसळला, मुख्यमंत्र्यांनी बँकर्सच्या बैठकीत सुनावले आणि कापलेले पैसे परत करण्याचे निर्देश निघाले. हप्ता आपोआप वळता करण्याची संमती कर्जदारांनी कर्ज घेतानाच दिलेली असते, त्यामुळे हा प्रकार संगणकाच्या यांत्रिकपणाच्या खाती जमा झाला आणि विषय मिटला. पण अशी संमती नसती, तरीही बँकेजवळ त्याच पैशापर्यंत पोहोचणारा दुसरा, फार जुना मार्ग होता. त्याची चर्चा झाली नाही.

हा मार्ग म्हणजे ‘सेट-ऑफ’, अर्थात वजावटीचा हक्क. आपण बचत खात्यात ठेवलेली रक्कम कायद्याच्या दृष्टीने तिजोरीत जपून ठेवलेली आपली वस्तू नसते. ती जमा होताच बँकेची होते आणि बँक तेवढ्या रकमेपुरती आपली ऋणको ठरते. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने 1848 मध्ये मांडलेले हे तत्त्व भारतीय न्यायालयांनीही स्वीकारले आहे. मग तोच ग्राहक जर बँकेचे काही देणे लागत असेल, तर दोघे एकमेकांचे ऋणको झाले. एक देणे दुसऱ्यातून वजा करून उरलेली रक्कम तेवढी खरी, असे बँक म्हणू शकते. 1872 च्या करार कायद्यातील कलम 171 बँकेला ताब्यातील तारण अडवून ठेवण्याचा हक्क देते. वजावटीचा हक्क त्याचा सख्खा शेजारी असला तरी वेगळा आहे. तारण अडवले जाते. वजावटीत पैसा घेतलाच जातो.

या हक्काला मर्यादा आहेत, आणि त्या ठाऊक असणे उपयोगाचे आहे. देणे निश्चित रकमेचे आणि मुदत भरलेले असावे लागते. पुढच्या वर्षीचा हप्ता आज कापता येत नाही, जोवर बँकेने संपूर्ण कर्ज परत मागितलेले नाही. दोन्ही देणी त्याच व्यक्तीची, त्याच नात्याने असावी लागतात. पतीच्या कार्डाची थकबाकी पती-पत्नीच्या संयुक्त खात्यातून किंवा मुलाचा पालक म्हणून चालवलेल्या खात्यातून सर्वसाधारणपणे घेता येत नाही. शाखा वेगळी असल्याने मात्र काही फरक पडत नाही, कारण कायद्यासाठी सगळ्या शाखा मिळून बँक एकच. शिवाय खाते उघडताना बारीक अक्षरांतल्या ज्या अटींवर आपण सही करतो, त्यांत यांपैकी काही मर्यादा बँकेने स्वतःच्या सोयीने सैल करून घेतलेल्या असतात. संयुक्त खात्यांबाबत तर हे हटकून तपासावे.

व्यवहारात हे कसे घडते, याचे एक कल्पित पण अगदी साधे उदाहरण घेऊ. एका निवृत्त कारकुनाचे निवृत्तिवेतन ज्या बँकेत जमा होते, तिचेच क्रेडिट कार्ड त्याच्याकडे आहे. कार्डावर 41 हजार रुपये थकले आहेत. त्यातले 17 हजार आपण केलेल्या खरेदीचे नाहीत, अशी त्याची लेखी तक्रार आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला 28 हजार निवृत्तिवेतन जमा होऊन शिल्लक 46 हजार होते. तिसऱ्या तारखेला बँक 41 हजार वळते करते आणि खात्यात 5 हजार उरतात. पासबुकात एक त्रोटक नोंद दिसते. कधी त्याआधीच ‘लिएन’ किंवा ‘होल्ड’ लावलेला असतो, तेव्हा शिल्लक पूर्ण दिसते पण ‘उपलब्ध शिल्लक’ घटलेली असते. या दोन आकड्यांतील तफावत हीच पहिली खूण. पाचव्या तारखेला त्याने घरमालकाला दिलेला 12 हजारांचा धनादेश परत जातो. बँक त्याबद्दल शुल्क लावते. घरमालकाने रीतसर नोटीस पाठवली आणि पंधरा दिवसांत पैसे दिले गेले नाहीत, तर परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम 138 खाली फौजदारी तक्रारही होऊ शकते.

येथे वादग्रस्त 17 हजारांचा मुद्दा कळीचा आहे. कार्डधारकाने बिलावर आक्षेप घेतल्यास तीस दिवसांत पुराव्यासह खुलासा करावा, असे रिझर्व्ह बँकेचे 2022 चे निर्देश सांगतात. आक्षेप प्रलंबित असताना ती रक्कम ‘निश्चित देणे’ म्हणता येणार नाही, असा युक्तिवाद भक्कम आहे. पण तो कोणी आणि केव्हा करायचा? पैसे गेल्यानंतर, ग्राहकाने. आधी बँकेकडे तक्रार, तीस दिवस वाट, मग लोकपाल. एरवी धनकोला न्यायालयात जाऊन आपले म्हणणे सिद्ध करावे लागते. येथे धनको आधी वसुली करतो आणि सिद्ध करण्याचा भार ऋणकोवर येतो.

खरी विसंगती याहून खोल आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 60 न्यायालयालाही काही पैशांना हात लावू देत नाही. सामान्य कर्जाच्या हुकूमनाम्यात पगाराचे पहिले 1 हजार रुपये आणि उरलेल्याचा दोनतृतीयांश भाग जप्तीबाहेर राहतो. सरकारी निवृत्तिवेतन आणि भविष्य निर्वाह निधीही सुरक्षित असतो. निवृत्तीचे पैसे मुदत ठेवीत ठेवले म्हणून त्यांचे हे संरक्षण जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये पंजाब नॅशनल बँकेशी संबंधित एका प्रकरणात स्पष्ट केले. म्हणजे हुकूमनामा मिळवूनही बँकेला जे सहजी मिळाले नसते, ते हुकूमनाम्याशिवाय एका नोंदीने मिळू शकते. कलम 60 जप्तीविषयी बोलते आणि वजावट म्हणजे जप्ती नव्हे, एवढ्याच शब्दभेदावर हे उभे आहे. संरक्षणाचा हेतू पाहिला तर हा भेद टिकणारा नाही, असे माझे मत आहे. पण त्यासाठी प्रत्येक निवृत्त माणसाने उच्च न्यायालयाची पायरी चढावी, ही अपेक्षा अवाजवी आहे.

रिझर्व्ह बँकेच्या 2003 च्या न्याय्य व्यवहार संहितेत वजावटीपूर्वी सूचना देण्याची अट आहे, मात्र ती कर्ज फिटल्यावर तारण परत न करता अडवून ठेवण्याच्या प्रसंगापुरती. घराची कागदपत्रे अडवायची तर तपशीलवार सूचना हवी आणि महिन्याचा किराणा ज्यातून यायचा ते खाते रिकामे करायचे तर तशी स्पष्ट सक्ती नाही, हा क्रम उलटा आहे. अमेरिकेने 1974 मध्येच कायदा करून क्रेडिट कार्डाची थकबाकी ग्राहकाच्या ठेव खात्यातून परस्पर वजा करण्यास बँकांना मनाई केली. ग्राहकाने लेखी संमती दिलेली ठरावीक मासिक कपात तेवढी चालते. तेथील कार्ड व्यवसाय त्यामुळे बुडाला नाही.

बँकांची बाजू अगदीच पोकळ नाही. ऐपत असून पैसे बुडवणाऱ्याच्या खात्यात लाखो रुपये पडून असताना बँकेने वर्षानुवर्षे दावा लढवत बसावे, असे कोणी म्हणणार नाही. शेवटी तो पैसा इतर ठेवीदारांचा असतो. म्हणून हक्क रद्द करण्याची गरज नाही. रिझर्व्ह बँकेने एका परिपत्रकाने तीन गोष्टी केल्या तरी पुरे: वजावटीपूर्वी रक्कम व कारण सांगणारी पंधरा दिवसांची लेखी सूचना, आक्षेप प्रलंबित असलेली रक्कम वगळणे, आणि कलम 60 ने वाचवलेला पैसा तसेच थेट जमा होणारी सरकारी मदत वजावटीबाहेर ठेवणे. यातील शेवटची गोष्ट सध्या राज्य सरकारे प्रसंगोपात्त पत्रे लिहून मागत असतात. ‘लाडकी बहीण’चे पैसे कर्जापोटी वळते करू नका, असे महाराष्ट्रालाही बँकांना सांगावे लागले होते.

तोवर बँकेतलीच अनुभवी माणसे आपल्या नातेवाइकांना एक सल्ला खासगीत देत राहतील: कार्ड आणि कर्ज एका बँकेत घ्या, पगार किंवा निवृत्तिवेतन दुसरीत ठेवा.