मोड राहिला म्हणजे मूळ राहिलं का?

मूळव्याधीच्या गाठीला आपल्याकडे मोड म्हणतात. भिजवलेल्या मटकीला येतो तो मोड. हा शब्द ऐकला की मनात एक चित्र उभं राहतं: आत कुठेतरी मूळ आहे, ते जिवंत आहे, आणि बाहेर दिसतोय तो त्याचा अंकुर. माझ्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या अनेकांची भीती याच चित्रातून जन्मलेली असते. दुखणं थांबलं, रक्त थांबलं, तरी बोटाला काहीतरी लागतं. मग ते म्हणतात, "डॉक्टर, मोड अजून आहे. म्हणजे मूळव्याध गेली नाही."

हा पूर्वपक्ष आहे. तो साधा आणि प्रामाणिक आहे, म्हणून त्याला उत्तरही तितकंच सविस्तर द्यायला हवं. या भीतीपायी माणसं नको ती औषधं खातात, आणि नको त्या माणसाच्या हातात कात्री देतात.

एक उदाहरण घेतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. चौतीस वर्षांची बाई, दुसऱ्या बाळंतपणाला सात महिने झालेले. बाळंतपणानंतर चौथ्या दिवशी शौचाच्या जागी करवंदाएवढी निळसर गाठ आली. बसता येईना, कुशीवर झोपून बाळाला पाजावं लागलं. दोन-तीन दिवस जीव नकोसा झाला, मग ठणका उतरला आणि दहा दिवसांत ती विसरलीही. महिन्याभराने धुताना तिथे मऊ, लोंबती कातडी हाताला लागली. घरातल्यांनी ठरवलं की मूळव्याध पुन्हा उगवली. तेव्हापासून तिने तिखट सोडलं, वांगं सोडलं, तीन वेगवेगळी मलमं लावली. एका ठिकाणी तिला सांगण्यात आलं की हे लगेच काढलं नाही तर वाढत जाईल. ती माझ्याकडे आली ती ऑपरेशनचे पैसे बांधूनच.

काय झालं होतं ते पाहू. गुदद्वाराच्या काठाशी, कातडीखाली बारीक शिरांचं जाळं असतं. जोर केल्याने त्यातल्या एखाद्या शिरेत रक्त गोठतं. कातडी भोवतालच्या सुजेसह ताणली जाते आणि त्या भागातल्या संवेदनशील मज्जातंतूंमुळे भयंकर दुखतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत वेदना कळसाला पोचते. पुढे काही आठवड्यांत शरीर ती गुठळी शोषून घेतं. शिरेचा प्रश्न तिथे संपतो. राहते ती ताणलेली कातडी. फुगवलेल्या फुग्यातली हवा सोडली तर तो पूर्वीसारखा घट्ट होत नाही, सुरकुतलेला राहतो. कातडीतले लवचीक धागे एका मर्यादेपलीकडे ताणले गेले, त्यात सुजेमुळे थोडे तंतू तयार झाले, की ती पूर्ण आक्रसत नाही. या उरलेल्या घडीला आम्ही स्किन टॅग म्हणतो. यात ना मूळ, ना अंकुर. ही रिकामी पिशवी आहे.

आतल्या मूळव्याधीचंही असंच होतं, पण थोड्या वेगळ्या वाटेने. गुदमार्गात काठापासून साधारण दोन सेंटीमीटर आत एक नागमोडी रेषा असते. तिच्या वरचं आवरण आतड्यासारखं असतं, तिथे टोचलं तरी फारसं दुखत नाही. तिच्या खाली खरी कातडी सुरू होते, तिथे सगळं दुखतं. आतल्या मोडाला रबर बँड लावतात तो त्या रेषेच्या वर, म्हणून तर भूल न देता लावता येतो. साधारण आठवड्याभरात मोड सुकून गळतो, रक्त थांबतं. पण तो मोड वर्षानुवर्षं बाहेर येत असेल, तर त्याने काठावरची कातडीही ओढून सैल केलेली असते. बँडचा त्या कातडीशी संबंध नाही. रुग्ण आरशात पाहतो, कातडी तशीच दिसते, आणि म्हणतो, "उपचार फसला." उपचार फसलेला नसतो. ज्या गोष्टीवर उपचार केला ती गेली, आणि जिच्यावर केलाच नव्हता ती राहिली. बँड लावण्याआधी हे एक वाक्य रुग्णाला सांगितलं तर पुढचे कित्येक हेलपाटे वाचतात. आम्ही डॉक्टर ते सांगत नाही, हा दोष आमचा आहे.

आता पूर्वपक्षाचा दुसरा मुद्दा: "हे मोड आहे की नुसती कातडी, हे आम्ही ओळखायचं कसं?" रास्त प्रश्न आहे. उरलेली कातडी अंगाच्याच रंगाची किंवा थोडी गडद, कोरडी आणि मऊ असते. चिमटीत धरली तर दुखत नाही. शौचाला जोर केला म्हणून फुगत नाही, उठल्यावर आत जात नाही. सकाळी जेवढी, संध्याकाळी तेवढीच. बाहेर आलेला आतला मोड ओलसर आणि लालसर-जांभळा असतो, जोर केल्यावर मोठा होतो, बहुधा आपोआप किंवा बोटाने आत जातो, आणि रक्त देतो. रक्ताबद्दल मी आग्रही आहे. नुसत्या कातडीच्या घडीतून शौचाच्या वेळी रक्त टपकत नाही. रक्त येत असेल तर त्याचं कारण दुसरं आहे आणि ते आत पाहूनच कळतं. पंचेचाळिशीपुढे नव्याने रक्त येऊ लागलं असेल तर "मोड आहे ना, त्याचंच असेल" असं म्हणत घरी बसू नये. दुर्बिणीने मोठं आतडं पाहण्याची गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारावं.

त्या बाईची तपासणी मी केली. तिला जोर करायला सांगितलं, घडी जशीच्या तशी राहिली. नळीतून आत पाहिलं, फुगलेला मोड नव्हता, चीर नव्हती. साधारण आठ मिलिमीटरची घडी, बाकी सगळं निरोगी. मी तिला सांगितलं, वांगं खा. मलमं बंद कर. त्यातल्या एकात स्टेरॉइड होतं. ते आठवड्याभराच्या सुजेला ठीक, पण महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते आणि खाज वाढते. घडी विरघळवणारं मलम नाही, गोळी नाही, काढा नाही. जिथे मांसाची वाढ नाही तिथे औषध काय जिरवणार?

इथे दुसऱ्या बाजूचा वादी उभा राहतो: "एवढीशीच आहे, तर कापून मोकळं व्हावं. दहा मिनिटांचं काम." काम दहा मिनिटांचं आहे हे खरं आहे. बधिर करायचं, लंबगोल छेद घेऊन घडी काढायची, जखम उघडी ठेवायची किंवा विरघळणारा एखादा टाका घालायचा. पण ती जखम तळहातावर नाही, रोज मळ जातो त्या दारात आहे. भरायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि पहिला आठवडा शौच म्हणजे शिक्षा असते. थोडं रक्त, कधी जंतुसंसर्ग. एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: जखमेच्या काठाला सूज येते आणि ती उतरली की कधीकधी तिथेच नवी, छोटी घडी उरते. लोभाने चारही बाजूंची कातडी एका बैठकीत कापली तर भरताना व्रण आवळतो आणि दार अरुंद होतं. मग पेन्सिलीएवढं शौच. दोन छेदांमध्ये निरोगी कातडीची पट्टी राखायची असते ती यासाठीच. जिचा काही त्रास नाही अशा आठ मिलिमीटरसाठी हा सौदा मला पटत नाही.

घरच्या घरी दोरा आवळणं किंवा चामखिळीला लावतात तसा चुना-पापडखार लावणं हे तर अजिबात नको. ही अत्यंत जागी, दुखरी कातडी आहे. भाजलेली जखम घेऊन आलेला माणूस पाहिला की पोटात तुटतं.

पण म्हणून "कधीच काढू नका, हा नुसता दिसण्याचा प्रश्न आहे" असं म्हणणाऱ्या माझ्या काही समव्यवसायींशीही माझा वाद आहे. त्रास होतो तेव्हा होतोच. घडी मोठी असली किंवा घड्या अनेक असल्या की मधल्या खाचेत मळ अडकतो, धुतल्यावरही कपड्याला डाग लागतो, दिवसभर ओल राहते, खाज सुटते. अशा माणसाला "सवय होईल" म्हणणं मला क्रूर वाटतं. मात्र खाजेचा दोष घडीवर टाकण्याआधी मी चार आठवडे मागतो. साबण बंद, मलम बंद, नुसतं पाणी, आणि नंतर सुती कापडाने टिपून कोरडं करणं, घासणं नाही. शौच मऊ. बऱ्याच जणांची खाज एवढ्यानेच जाते. खाज साबणाची असते, घडी बिचारी जवळ होती एवढाच तिचा गुन्हा. चार आठवड्यांनंतरही डाग आणि ओल तशीच असेल तर काढण्याचं कारण पक्कं आहे. आणि कोणाला ती घडी मनाला खुपत असेल, जोडीदारासमोर संकोच वाटत असेल, तर तेही कारण आहे, फक्त जखमेचं सगळं गणित आधी समजावून.

वेळही महत्त्वाची. गुठळी झाल्यावर किमान दोन-तीन महिने थांबावं. सूज उतरता उतरता घडी पुष्कळ लहान होते. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर लगेच तर थांबावंच.

काही घड्या मात्र वेगळ्या असतात. मागच्या बाजूला, बरोबर मध्यरेषेवर, शौचाच्या वेळी कापल्यासारखं दुखणारी घडी बहुधा जुन्या चिरेच्या टोकाशी असते. ती नुसती कापली आणि चीर तशीच ठेवली तर दुखणं जात नाही. जाड, सुजलेल्या, निळसर घड्या आणि सोबत महिनोन्‌महिने जुलाब, वजन घटणं असेल तर क्रोन नावाचा आतड्याचा आजार शोधावा लागतो. तिथे कात्री लावली तर जखम भरता भरत नाही. आणि टणक, न भरणारा फोड पडलेली, झपाट्याने वाढणारी किंवा फुलकोबीसारखी खरबरीत गाठ ही घडी नव्हेच. तिचा तुकडा तपासायला पाठवलाच पाहिजे, मग ती दुखो वा न दुखो.

त्याच महिन्यात एक एस.टी. चालक आले होते. तीन घड्या, डाग, खाज. चार आठवडे पाण्यावर काढले, खाज निम्मी झाली, डाग राहिले. आत सगळं ठीक होतं. आम्ही दोन मोठ्या घड्या काढल्या आणि तिसरी, छोटी, त्या दोन्हींच्या मधली, तशीच राखली. तिच्याच कातडीच्या आधाराने दोन्ही जखमा पंचवीस दिवसांत भरल्या. तिसरीचं काय, असं त्यांनी टाके दाखवायला आले तेव्हा विचारलं. मी विचारलं, तिचा काही त्रास? ते म्हणाले, नाही. मग ती राहू दिली.